ठिपका एवढासा, मग फिलिंग एवढं मोठं का?

दाढेवर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका असतो, दुखत काहीच नसतं, आणि आम्ही एक्स-रे पाहून सांगतो की आत बरंच पोकळ झालंय. ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते आणि ती रास्त आहे. घाईच्या वेळी खुर्चीपाशी उभं राहून तिचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. दाताची आतली बांधणी समजली की ठिपक्याचा आणि पोकळीचा मेळ बसतो.

पंधरा वर्षांच्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. खालची उजवी पहिली मोठी दाढ, म्हणजे सहाव्या वर्षाच्या आसपास येते ती. दाढेच्या खाचेत एक ठिपका, अर्ध्या मिलिमीटरहून लहान. ठिपका आम्हाला फारसा खटकला नाही, कारण खाचांत नुसते डागही बसतात. खटकली ती त्याच्या भोवतीची राखाडी सावली. दात हवेने कोरडा केल्यावर ती इनॅमलच्या आतून स्पष्ट दिसत होती. एक्स-रेमध्ये इनॅमल जवळपास अखंड होतं आणि त्याच्या खाली काळसर भाग होता. उघडल्यावर आतली पोकळी चार मिलिमीटर रुंद निघाली. एक्स-रेवर ती याहून लहान वाटली होती. नेहमी असंच होतं, कारण बरीचशी खनिजं निघून गेल्याशिवाय एक्स-रेवर फरक उमटत नाही.

वरचा थर: इनॅमल

इनॅमल शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या सुमारे ९६ टक्के ते खनिजच असतं. पण ते काचेसारखं एकसंध नसतं. कडब्याची पेंढी घट्ट बांधावी तशा लाखो बारीक काड्या एकमेकींना चिकटून त्यात उभ्या असतात. एकेक काडी साधारण ५ मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. वरच्या एका मोठ्या दाढेत अशा सुमारे सव्वा कोटी काड्या भरतात. प्रत्येक काडी आतल्या थराच्या सीमेपासून निघून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोचते. काड्यांच्या मधल्या सांध्यांत प्रथिनाचा अंश थोडा जास्त असतो. जिवाणूंनी साखरेपासून तयार केलेलं आम्ल याच सूक्ष्म वाटांनी आत झिरपतं, त्यामुळे काड्या ज्या दिशेने उभ्या, त्या दिशेने कीड सरकते.

आता खाचेचा विचार करा. खाच म्हणजे दोन उंचवट्यांमधली घळ. इतकी अरुंद की पुष्कळदा ब्रशचा केसही तळाशी पोचत नाही. या घळीच्या तळापासून काड्या आतल्या बाजूला पसरत जातात, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या. कीड वरच्या टोकाशी सुरू होते आणि आत जाता जाता रुंद होते. म्हणून तोंड लहान आणि पोट मोठं.

दोन दातांच्या मधल्या गुळगुळीत बाजूवर याच्या उलट घडतं. तिथे किडीचा पाया बाहेर असतो आणि आत जाताना ती निमुळती होते. सुरुवातीला तिथे खडूसारखा पांढरा डाग पडतो, पण वरचा पापुद्रा शाबूत असतो. डाग दात कोरडा केल्यावरच दिसला तर कीड साधारणपणे इनॅमलच्या बाहेरच्या भागात आहे असं आम्ही धरतो. ओला असतानाही दिसला तर ती खोल गेलेली असते. पापुद्रा फुटलेला नसेल तर फ्लोराइडची टूथपेस्ट आणि स्वच्छता यांनी ही कीड थांबवता येते. इनॅमल बनवणाऱ्या पेशी मात्र दात उगवताना नाहीशा होतात, त्यामुळे एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही.

आतला थर: डेंटिन

इनॅमलच्या खाली डेंटिन. त्यात खनिज कमी, वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास, म्हणून ते इनॅमलपेक्षा सौम्य आम्लातही विरघळू लागतं. आणि त्यात आरपार नलिका असतात. इनॅमलच्या सीमेपासून थेट नसेपर्यंत. सीमेजवळ त्या जेमतेम एक मायक्रॉन रुंद असतात आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २० हजार भरतात. नसेजवळ त्या अडीच मायक्रॉनपर्यंत रुंद होतात आणि संख्या ४५ हजारांच्या वर जाते. पुष्कळ जिवाणू एक मायक्रॉनच्या आतबाहेरचे, म्हणजे ते या नलिकांतून रांगेने जाऊ शकतात. कीड जितकी खोल, तितक्या पुढच्या वाटा रुंद आणि दाट, हे लक्षात घेतलं की "सहा महिन्यांनी बघू" हे खोल किडीबाबत आम्ही का टाळतो ते कळेल.

पूर्वी असं शिकवलं जायचं की इनॅमल-डेंटिनच्या सीमेवर पोचताच कीड आडवी धावते. आता समज बदललीय. इनॅमलच्या ज्या काड्या बाधित झाल्या, त्यांच्या आतल्या टोकांखालचंच डेंटिन आधी बाधित होतं. सीमेवरचं आडवं पसरणं वाढतं ते इनॅमल फुटून जिवाणू आत शिरल्यावर.

दात या काळात गप्प बसत नाही. नसेतल्या पेशी नलिकांमध्ये खनिज भरून त्या बुजवू लागतात आणि आतल्या बाजूने नवं डेंटिनही चढवतात. न दुखण्यामागे हेही एक कारण आहे. एरवी नलिकांतला द्रव थंड किंवा गोड लागताच हलतो आणि कळ येते. इथे नलिका बुजलेल्या, वरून इनॅमलचं छप्पर, त्यामुळे कळ यायला वावच राहत नाही. दुखत नाही म्हणून कीड उथळ आहे असं समजू नका.

हे छप्परही फसवं असतं. इनॅमलच्या काड्यांना आधार डेंटिनचा. आतलं डेंटिन मऊ पडलं की त्या अधांतरी लटकतात, आणि लाकूड जसं रेषेने फुटतं तसं इनॅमल काड्यांच्या दिशेने तुटतं. "मऊ भात खाताना दाढ फुटली" असं सांगत लोक येतात ते याचमुळे. भाताचा यात दोष नसतो.

त्या दाढेचं काय केलं

बाहेरून चांगलं दिसणारं पण खालून निराधार झालेलं इनॅमल काढलं. फिलिंग मोठं झालं ते यामुळे. पोकळीच्या कडा सगळीकडे कठीण डेंटिन लागेपर्यंत साफ केल्या, कारण फिलिंग तिथे घट्ट बसायला हवं. नसेवरचा भाग मात्र मुद्दाम पूर्ण खरवडला नाही. ओल्या, चमच्याने सहज निघणाऱ्या डेंटिनखाली चामड्यासारखा चिवट थर लागतो. तोही काढत बसलं तर नस उघडी पडून रूट कॅनालची वेळ येऊ शकते. वरून घट्ट बंद केलं की त्या थरात उरलेल्या जिवाणूंचं खाद्य तुटतं आणि कीड पुढे सरकत नाही.

असं फिलिंग झाल्यावर काही दिवस थंड लागताच क्षणभर कळ येऊ शकते, ती हळूहळू कमी होते. कळ थंड काढून घेतल्यावरही रेंगाळत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा दाढ चावताना दुखत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.

त्या मुलीचा धाकटा भाऊ सात वर्षांचा. त्याच्या पहिल्या दाढा नुकत्या वर आल्या होत्या, खाचा खोल पण स्वच्छ होत्या. त्याच दिवशी आम्ही त्या खाचा सीलंटने बुजवल्या. त्याला खोदावं लागत नाही आणि इंजेक्शनही लागत नाही. मात्र सीलंट झिजतं, कधी निघूनही जातं, म्हणून दर सहा महिन्यांनी ते तपासायला मुलाला आणा.