एफआयआरची प्रत: पोलीस ठाण्यात कशी मागायची आणि नाही म्हणाले तर काय करायचे

आमच्याकडे वाहन विम्याचा क्लेम घेऊन येणाऱ्या ग्राहकांसाठी

गाडी चोरीला गेली की विमा कंपनी पहिल्यांदा एफआयआरची प्रत मागते. गुन्हा नोंदवला गेला, नंबरही मिळाला, पण प्रत हातात नाही, म्हणून क्लेमची फाइल आठ-पंधरा दिवस पडून राहते. असे आमच्याकडे वारंवार होते. हे पत्रक त्या एका अडचणीसाठी आहे. गुन्हा नोंदवूनच घेतला नाही तर काय करायचे, तो विषय वेगळा आहे आणि तो इथे घेतलेला नाही.

आधी एक उदाहरण सांगतो, कारण बहुतेकांचे घोडे इथेच अडते. आमच्या एका ग्राहक काकूंची स्कूटर मंडईजवळून चोरीला गेली. गाडी काकूंच्या नावावर, पण त्या दिवशी ती पुतण्या वापरत होता. त्याने त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद दिली, गुन्हा दाखल झाला, आणि दुसऱ्या दिवशी तो नोकरीच्या गावी बेंगळुरूला निघून गेला. प्रत घ्यायची त्याला आठवण राहिली नाही. काकू ठाण्यात गेल्या तेव्हा उत्तर मिळाले, "काकू, फिर्याद तुम्ही दिलेली नाही. कॉपी फिर्यादीलाच मिळते. पुतण्याला पाठवा." काकू दोनदा हेलपाटा घालून आमच्याकडे आल्या.

अंमलदाराचे म्हणणे जुन्या कायद्याला धरून होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 154(2) मध्ये फक्त खबर देणाऱ्याला प्रत द्यायची असे लिहिलेले होते. पण 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 173(2) प्रमाणे खबरीची प्रत खबर देणाऱ्याला किंवा पीडित व्यक्तीला, ताबडतोब आणि विनामूल्य द्यायची आहे. पीडित म्हणजे कोण, तेही कलम 2 मधल्या व्याख्येत आहे: आरोपीच्या कृत्यामुळे ज्याचे नुकसान झाले किंवा ज्याला इजा झाली ती व्यक्ती, आणि तिचे पालक किंवा कायदेशीर वारस. गाडी काकूंच्या नावावर, म्हणजे नुकसान काकूंचे. त्या स्वतःच्या हक्काने प्रत मागू शकत होत्या. पुतण्याला बेंगळुरूहून बोलावण्याची काहीच गरज नव्हती.

आम्ही त्यांना साध्या कागदावर अर्ज लिहून दिला. तुम्हालाही तो तसाच चालेल:

प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, (ठाण्याचे नाव) पोलीस ठाणे, पुणे.
विषय: गु.र.नं. ___/20__ च्या प्रथम खबर अहवालाची प्रत मिळणेबाबत.
महोदय, वरील गुन्ह्यात चोरीस गेलेले वाहन क्र. ______ माझ्या नावावर नोंदलेले असून मी या गुन्ह्यातील पीडित आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 173(2) प्रमाणे प्रथम खबर अहवालाची सही-शिक्क्याची प्रत मला विनामूल्य मिळावी. सोबत आरसी बुक व ओळखपत्राच्या छायाप्रती जोडल्या आहेत.

खाली नाव, पत्ता, मोबाइल नंबर, तारीख, सही. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या. एक ठाण्यात बारनिशीकडे द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. या पोहोचेला आम्ही फार किंमत देतो. तोंडी मागितलेल्या प्रतीचा कुठेच पुरावा राहत नाही. शिक्का बसलेला अर्ज मात्र कुणाला तरी निकाली काढावा लागतो. काकूंना पोहोच मिळाली बुधवारी, आणि गुरुवारी दुपारी ठाण्यातून प्रत घेऊन जायला फोन आला.

अर्ज घेऊन पोहोच द्यायलाच नकार मिळाला तर तिथे वाद घालत बसू नका. तोच अर्ज त्याच दिवशी पोस्टातून स्पीड पोस्टने ठाण्याच्या पत्त्यावर पाठवा आणि पावती जपून ठेवा.

फिर्याद देतानाच प्रत घेतली तर हे काहीच लागत नाही

एफआयआर संगणकावर ठरलेल्या नमुन्यात तयार होते. शेवटच्या पानावर फिर्यादीच्या सहीच्या वरच्या भागात असे छापलेले असते की खबर फिर्यादीला वाचून दाखवली, ती बरोबर नोंदवली असल्याचे त्याने मान्य केले आणि तिची प्रत त्याला विनामूल्य दिली. तुम्ही सही करता ती या वाक्याखाली. म्हणजे प्रत न घेता सही केली तर कागदावर प्रत तुम्हाला मिळालेलीच आहे. म्हणून सही करताना एवढेच म्हणा, "साहेब, इथे प्रत दिल्याचं लिहिलंय, तेवढी मला द्या." शांतपणे म्हणा. रात्रपाळीचा अंमलदार एकटाच असतो, समोर चार माणसे उभी असतात, आणि तुमचे बोलणे सरळ असले की तो बहुतेक वेळा प्रिंट काढून देतो.

हातात आलेला कागद एफआयआरच आहे ना, हेही तिथेच पाहून घ्या. वर 'प्रथम खबर अहवाल' असे शीर्षक आणि कलम 173 चा उल्लेख हवा, एफआयआर क्रमांक आणि वर्ष हवे, आणि लावलेली कलमे हवीत. गाडीचोरीला भारतीय न्याय संहितेचे 303(2) लागते. कागदावर 'अदखलपात्र' किंवा कलम 174 असे लिहिलेले असेल तर ती एन.सी. आहे. तुमच्याच तक्रार अर्जावर नुसता शिक्का मारून दिला असेल तर ती फक्त पोहोच आहे. ऑनलाइन केलेली 'गहाळ' वस्तूची नोंदही एफआयआर नव्हे. या तिन्ही कागदांवर चोरीचा क्लेम पुढे सरकत नाही, आणि लोक अगदी खात्रीने तेच कागद घेऊन आमच्याकडे येतात.

घरबसल्या प्रत

7 सप्टेंबर 2016 रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की संवेदनशील गुन्हे सोडून बाकीच्या एफआयआर नोंदवल्यापासून 24 तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायच्या. इंटरनेटची अडचण असेल तर ही मुदत 48 तास, आणि दुर्गम भागात फार तर 72 तास. महाराष्ट्रात `citizen.mahapolice.gov.in` वर `Published FIRs` या भागात तारीख, जिल्हा आणि पोलीस ठाणे निवडून ती शोधता येते.

पुण्यात इथे एक घोळ नेहमी होतो. यादीत पुणे एक नाही, तीन आहेत: पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण. पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय 2018 मध्ये वेगळे झाले, आणि वाकड, हिंजवडी त्याच्याकडे आहेत. हिंजवडीत गाडी चोरीला गेलेला माणूस 'पुणे शहर' निवडून ठाणे शोधत बसतो आणि शेवटी एफआयआर टाकलीच नाही असे समजतो. तारीखही चोरीची टाकायची नाही, गुन्हा नोंदवल्याची टाकायची.

ही उतरवून घेतलेली प्रत विमा कंपनीला पहिली सूचना देताना उपयोगी पडते, तेव्हा ती लगेच आम्हाला पाठवा. पुढे सर्व्हेअर सही-शिक्क्याची प्रत मागू शकतो, म्हणून ठाण्यातला अर्जही चालू ठेवा.

पोहोच मिळाली, तरी प्रत मिळत नाही

तीन-चार दिवस थांबा आणि मग वर जा. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आधी त्या विभागाचे सहायक पोलीस आयुक्त, नंतर परिमंडळाचे पोलीस उपायुक्त. ग्रामीण हद्दीत उपविभागीय पोलीस अधिकारी आणि त्यानंतर पोलीस अधीक्षक, ज्यांचे कार्यालय पाषाण रस्त्यावर चव्हाणनगरला आहे. नवा मोठा अर्ज लिहू नका. पोहोच मिळालेल्या अर्जाची छायाप्रत जोडा आणि दोन ओळी लिहा: अमुक तारखेला अर्ज दिला, कलम 173(2) असूनही प्रत मिळाली नाही, ती देण्याचे आदेश व्हावेत. आमच्या अनुभवात चोरीच्या गुन्ह्यात प्रकरण याच्या पुढे क्वचितच जाते.

गेलेच तर न्यायालय आहे. एफआयआर नोंदवल्यावर पोलीस ती त्या हद्दीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. एफआयआरच्या नमुन्यात न्यायालयाकडे पाठवल्याची तारीख आणि वेळ यासाठी शेवटी वेगळा रकानाच आहे. तिथे नकलेसाठी अर्ज करून, फी भरून प्रमाणित प्रत घेता येते. शहरातल्या बहुतेक ठाण्यांची न्यायालये शिवाजीनगरला आहेत, काहींची लष्कर न्यायालयात, तेव्हा ठाण्याचे न्यायालय कोणते हे आधी विचारून घ्या. या टप्प्यावर वकील केलेला बरा, कारण अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तर आठवडा जातो.

माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही सहसा सुचवत नाही. उत्तराला 30 दिवसांची मुदत, त्यात तपास चालू असल्याचे कारण देऊन कलम 8(1)(ज) खाली नकार येऊ शकतो, मग अपील. क्लेमसाठी एवढा वेळ परवडत नाही.

तुमच्याच गाडीवर गुन्हा दाखल झाला असेल

अपघातात फिर्याद समोरच्याने दिलेली असते आणि आमचा ग्राहक आरोपी असतो. तृतीय पक्षाच्या दाव्यासाठी प्रत त्यालाही लागते. आरोपीला कलम 173(2) लागू होत नाही, म्हणून वरचा अर्ज इथे वापरू नका. वर सांगितलेल्या 2016 च्याच आदेशात आरोपीची सोय आहे: आपले नाव गुन्ह्यात आहे अशी शंका असली तरी तो स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत ठाण्यात किंवा अधीक्षकांकडे अर्ज करू शकतो, न्यायालयाच्या नकलेइतकी फी भरायची, आणि पोलिसांनी 24 तासांत प्रत द्यायची. एफआयआर न्यायालयात पोहोचली असेल तर तिथून दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी. मात्र यात घाईने स्वतः ठाण्यात जाण्याआधी वकिलाशी बोला आणि अर्ज त्यांच्यामार्फत द्या.

प्रत मिळाल्यावर

आमच्याकडे येण्याआधी आरसी बुक शेजारी ठेवून एफआयआर वाचा. गाडीचा नंबर, इंजिन नंबर आणि चासी नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. काकूंच्या एफआयआरमध्ये चासी नंबरात '8' च्या जागी 'B' पडला होता. एफआयआर खोडून दुरुस्त होत नाही. तपास अधिकाऱ्याला भेटून पुरवणी जबाब द्यावा लागतो, आणि त्या जबाबाची प्रत किंवा दुरुस्तीचे ठाण्याचे पत्र एफआयआरला जोडावे लागते. चोरी कधी झाली आणि ठाण्याला खबर कधी मिळाली या दोन वेळाही पाहा. त्यांत बरेच अंतर असेल तर उशिराचे कारण एफआयआरच्या त्यासाठीच्या रकान्यात लिहिले आहे का ते बघा, कारण सर्व्हेअरचा पहिला प्रश्न तोच असतो.

प्रतीसोबत तपास अधिकाऱ्याचे नाव आणि ठाण्याचा फोन नंबर लिहून आणा. गाडी सापडली नाही तर पुढे न्यायालयाने मंजूर केलेल्या 'अ' समरीची, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही असे सांगणाऱ्या पोलीस अहवालाची, प्रत लागेल, आणि तिच्यासाठी पुन्हा याच ठाण्यात जावे लागेल.