स्पा काढताय? हिशेब बेडवरून नको, हातांवरून मांडा

प्रोजेक्ट रिपोर्टसाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या वहीत एकच गुणाकार असतो: तीन बेड, प्रत्येकावर दिवसाला आठ गिऱ्हाइकं, दर बाराशे, महिन्याचे तीस दिवस. उत्तर येतं आठ लाख चौसष्ट हजार. पण बेड मसाज करत नाही. एक थेरपिस्ट दिवसाला चार पूर्ण मसाज नीट करते; पाचव्याला हात जड होतात आणि ते गिऱ्हाइकाला पाठीवर कळतं. शिवाय प्रत्येक सिटिंगनंतर चादर बदलणं, खोली पुसणं यात वीसेक मिनिटं जातात.

लातूरला औसा रोडच्या बाजूला स्पा काढायचाय असं धरू. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील. दोन थेरपिस्ट, दिवसाला आठ सिटिंग, महिन्याला २६ दिवस, म्हणजे जास्तीत जास्त २०८ सिटिंग. दरपत्रकावर बाराशे लिहिले तरी सूट आणि ओळखीपाळखी धरून हातात सरासरी हजार पडतात. त्यातून तेल, टॉवेलची धुलाई, एकदाच वापरायच्या वस्तू आणि थेरपिस्टचा इन्सेंटिव्ह मिळून दोनशे जातात. उरतात आठशे.

आता गिऱ्हाईक येवो न येवो, द्यावाच लागणारा महिन्याचा खर्च: भाडं २२,०००, चार जणांचे पगार ४६,०००, लाइट बिल ९,०००, जाहिरात आणि फोन ५,०००, कर्जाचा हप्ता ११,०००. पाण्याचे आम्ही ३,००० धरतो. हिवाळ्यात ते जास्त वाटतील, पण एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागला की वर्षाची सरासरी तिथंच येते. स्टीम, शॉवर आणि टॉवेल असलेल्या धंद्यात पाणी ‘किरकोळ’मध्ये ढकलू नका. एकूण ९६,०००. भागिले आठशे म्हणजे १२० सिटिंग. दिवसाला साधारण पाच. याच्या खाली राहिलात तर पैसे खिशातून जातात.

पहिल्याच महिन्यात १२० होत नाहीत. दसऱ्याला उघडलं तर आम्ही ऑक्टोबरला ५०, नोव्हेंबरला ७५, डिसेंबरला १००, जानेवारीला ११० आणि फेब्रुवारीला १२० असं लक्ष्य लिहितो. मार्चएंडला व्यापारी आणि नोकरदार दोघंही अडकलेले, म्हणून १०५. मग ११५, आणि मेच्या लग्नसराईत १३०. जूनमध्ये पेरणी आणि शाळांचा खर्च, ११०. जुलैत १२०, ऑगस्टला १३०, पितृपक्ष लागला की ११५. लग्नाची गिऱ्हाइकं धरण्याआधी पंचांगात अधिक मास कुठं येतो ते मात्र पाहा.

बेरीज १,२८० सिटिंग, जमा १२ लाख ८० हजार. तरीही वर्षाखेरीस १ लाख २८ हजारांची तूट, आणि त्यातले १ लाख १६ हजार पहिल्या चार महिन्यांतच. म्हणून फर्निचर, डिपॉझिट वेगळं ठेवून दीड लाख खेळतं भांडवल अहवालात आधीच मागा. बँकेने हप्त्याला सुरुवातीचे काही महिने सवलत दिली तर हा खड्डा उथळ होतो, व्याज मात्र चालूच राहतं.

लक्ष्य सिटिंगमध्ये लिहायचं, रुपयांत नाही. कारण पॅकेज. आमच्या एका ग्राहकाने उद्घाटनाच्या महिन्यात दहा सिटिंगची वीस पॅकेजेस आठ-आठ हजारांना विकली. गल्ल्यात १ लाख ६० हजार पाहून स्टीम केबिन घेतली. पुढचे महिने थेरपिस्ट दिवसभर कामात, आणि गल्ला रिकामा. दोनशे सिटिंग देणं होतं, त्यांचा ४०,००० चा तेल-धुलाईचा खर्चही पुढंच होता. पॅकेजचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि जेवढी सिटिंग दिली तेवढीच रक्कम उत्पन्नात घ्या.

दर महिन्याच्या पंधरा तारखेला वही उघडा. निम्मं लक्ष्य झालं नसेल तर दर पाडण्याआधी पाहा की जुनी गिऱ्हाइकं परत येतात का. नवी येतात आणि जुनी येत नाहीत, तर दोष दरात नाही, खोलीत किंवा हातात आहे. तिसरी थेरपिस्ट घ्यायची ती सलग दोन महिने रोजची सरासरी सहाच्या वर गेल्यावर.

जीएसटीचं थोडक्यात: वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की नोंदणी लागते. सप्टेंबर २०२५ पासून या सेवांवर दर ५ टक्के आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून एसी, बेड, तेल यांचे भाव करासकटच धरा.

आमच्याकडे येताना जागेचा भाडेकरार किंवा त्याचा मसुदा, बेड-एसीची कोटेशन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि थेरपिस्टशी ठरलेला पगार लिहून आणा. थेरपिस्ट अजून ठरली नसेल तर आधी ती ठरवा, मग या.