टोमॅटोचा भाव नेमका ठरवतं कोण?

२०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला तेव्हा ग्रुपवर एकच ओरड, व्यापाऱ्यांनी भाव चढवले. मग सप्टेंबरात शेतकरी तोच टोमॅटो रस्त्यावर ओतत होते, तेव्हा काय व्यापाऱ्यांना एकदम दया आली होती का?

नारायणगावच्या मार्केटात टोमॅटो २० किलोच्या क्रेटवर विकला जातो. हिशोबाला सोपे पडावेत म्हणून पुढचे आकडे मी माझ्या मनाचे घेतोय. समजा भाव ३०० असेल तर सगळे खरेदीदार मिळून १२०० क्रेट उचलतील, ४०० ला १०००, ५०० ला ८००. आज आवक आहे ८०० क्रेट. बोली ३०० वर सुरू झाली की माल ८०० आणि मागणारे १२०० चे, म्हणजे ४०० क्रेटचे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाणार. त्यातला कुणीतरी, ज्याला आज गाडी भरून पाठवायचीच आहे, तो ३२० म्हणतो, मग दुसरा ३५०. भाव चढतो तसतसे लोक गळत जातात, आधी हातगाडीवाला, मग चटणी-सॉस करणारा छोटा कारखाना. ५०० ला उरतात बरोब्बर ८०० क्रेटचे गिऱ्हाईक आणि बोली थांबते, कारण आता वर जायला कुणाला कारणच उरत नाही.

उलटं बघा. उद्या आवक १००० झाली आणि सगळे ५०० वर अडून बसले तर २०० क्रेट पडून राहतात, आणि पिकलेला टोमॅटो काही चाळीतल्या कांद्यासारखा थांबत नाही. ज्याचा माल पडलाय तो ४८० ला द्यायला तयार होतो, मग शेजारचाही उतरतो, असं करत करत ४०० ला सगळा माल उठतो.

(काही पंचांगांत तेजी-मंदीचं भविष्य छापतात, गुरू-शनी बघून. त्यापेक्षा गेटवर आवक मोजा.)

आता सरकारने ३०० च्या वर विकायला बंदी घातली असं धरा. आवक ८०० च, मागणी १२०० ची. टंचाई तशीच राहते, फक्त माल कुणाला मिळणार हे पैशाऐवजी रांग आणि ओळख ठरवते. हां, हे सगळं खरेदीदार खरोखर एकमेकांवर बोली चढवतात तिथेच चालतं. चार जणांनी आधीच संगनमत केलं तर भाव ५०० पर्यंत पोचतच नाही, आणि ते ओळखायचं कसं, तर आवक कमी असूनही बोली हलत नाही.

आणखी एक घोळ. एका दिवसाचा भाव दुपारपर्यंत जुळतो, पण पिकाला वेळ लागतो. रोप लावल्यापासून पहिल्या तोडणीला साधारण दोन-अडीच महिने, त्यामुळे चढा भाव बघून सगळ्यांनी एकदम लावलेला टोमॅटो बाजारात येतो तोही एकदमच, आणि गरज भागून वर उरेल इतका.