चामडे आणि रेक्झिन: दिसायला सारखे, शिवायला वेगळे

गेल्या पावसाळ्यात म्हापशात माझ्याकडे दुरुस्तीसाठी आलेल्या एका पिशवीचा पट्टा टाक्यांच्या ओळीवरच सरळ फाटला होता. मालकीणबाई ती चामड्याची समजत होत्या. परंतु फाटलेल्या कडेवर वर प्लास्टिकचा पातळ थर आणि खाली विणलेले कापड स्पष्ट दिसत होते. चामड्याच्या कडेला असा थर नसतो, तिथे केसाळ, गुंतलेले तंतू दिसतात. सुई निवडण्यापूर्वी कड पाहावी, ती याचसाठी.

चामड्याचे तंतू इतके घट्ट असतात की साधी सुई त्यात अडते आणि टाके सुटतात. म्हणून चामड्याच्या सुईचे टोक पात्यासारखे धारदार असते आणि ते तंतू कापत आत जाते. हीच सुई रेक्झिनमध्ये घातली, तर ती खालच्या कापडाचे धागे कापते, आणि रेक्झिनची खरी ताकद त्या धाग्यांतच असते. त्यासाठी अणकुचीदार गोल टोकाची, धागे बाजूला सारणारी 80 किंवा 90 नंबरची सुई योग्य. अस्तर होजिअरीचे असेल, तर स्ट्रेच सुई.

त्या पट्ट्याला 110 नंबरची चामड्याची सुई वापरली असावी, असे भोकांच्या चिरांवरून वाटले. 110 म्हणजे सुईची जाडी 1.1 मिलिमीटर. टाका 2 मिलिमीटरचा होता, म्हणजे दोन भोकांमध्ये जेमतेम 0.9 मिलिमीटर पदार्थ उरला. टाका 4 मिलिमीटरचा असता आणि सुई 90 ची, तर 3.1 मिलिमीटर उरला असता. म्हणून दोन्हींना साधारण 3 ते 4 मिलिमीटरचा टाका ठेवावा, आणि सुरुवातीला व शेवटी मागे-पुढे शिवण्याऐवजी दोरे उलट्या बाजूस ओढून गाठ मारावी.

टाचणीचे भोक दोन्हींत कायम राहते, म्हणून क्लिपा लावाव्यात. नसल्यास कपडे वाळवण्याचे छोटे चिमटेही चालतात, मात्र चामड्यावर त्यांचा वळ उमटू नये म्हणून शिवणीपुरत्याच कडेवर लावावेत.

इस्त्रीच्या बाबतीत मात्र दोघांचे मार्ग वेगळे आहेत. चामड्याची शिवण उलगडून, रबर सोल्युशन लावून, लाकडी हातोडीने हलके ठोकली की बसते; इस्त्री लागलीच, तर मंद, कोरडी, खाकी कागदावरून, कारण वाफेने चामडे आकसते. रेक्झिनचा वरचा थर उष्णतेने मऊ पडतो, चकाकतो, इस्त्रीला चिकटतो. तिथे बोटानेच शिवण दाबावी, फार तर उलट्या बाजूने, सुती कापड ठेवून, आधी कापलेल्या तुकड्यावर पाहून.

त्या पट्ट्याची भोके बुजणार नव्हती. मी ती ओळ कापून टाकली, पट्टा दीड सेंटिमीटरने आखूड केला आणि 90 च्या सुईने, 4 मिलिमीटरच्या टाक्याने चौकोन शिवून नव्याने बसवला.