गोळी, चहा आणि वजनाचा काटा: थायरॉईड किंवा पीसीओएस असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

रत्नागिरीतल्या आमच्या आहार सल्ला केंद्रात निम्म्या ताई एकच तक्रार घेऊन येतात: "महिनाभर भात बंद केला, तरी काटा हलत नाही. थायरॉईड आहे ना!" म्हणून हे पत्रक. आधी वाचलंत तर तुमची एक फेरी वाचेल, आणि आमचा अर्धा तास.

पहिला प्रश्न आम्ही जेवणाचा विचारत नाही. थायरॉक्सिनची गोळी सकाळी कशाबरोबर घेता, हे विचारतो. बहुतेकदा उत्तर येतं, "चहाबरोबर. आणि कॅल्शियमची पण तेव्हाच, म्हणजे विसरत नाही." खरी गफलत इथे आहे. कॅल्शियम आणि रक्तवाढीच्या गोळ्यांतलं लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं, त्यामुळे गोळी पोटात जाते पण रक्तात पुरेशी उतरत नाही. चहा-कॉफीनेही तिचं शोषण घटू शकतं. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा किंवा पेज अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या किमान चार तासांनी. दुपारच्या जेवणानंतर घेतल्या की प्रश्न मिटतो.

एका ताईंचं उदाहरण सांगते. वजन 74 किलो, रोज 50 मायक्रोग्रॅमची गोळी, टीएसएच 9.2. डोस वाढवून घ्यायला त्या निघाल्याच होत्या. आम्ही त्यांना सकाळचा क्रम कागदावर लिहून दिला आणि तो कागद डॉक्टरांना दाखवायला सांगितला. डॉक्टरांनी डोस तोच ठेवून फक्त वेळ बदलायला लावली. आठ आठवड्यांनी टीएसएच 3.1 आलं. मधे पंधरा दिवसांनी त्यांना तपासणी करायची घाई झाली होती, पण या औषधाचा परिणाम स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. आधी केलेली तपासणी म्हणजे पैसे वाया. वेळ बदलणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण गोळी नीट लागू लागली की चालू डोस जास्तही ठरू शकतो.

आणि वजन? तेवढ्या काळात दोन किलो उतरलं, तेही बरंचसं अंगात साठलेलं पाणी. थायरॉईड कमी असल्याने वाढणारं वजन बहुधा दोन-चार किलोचंच असतं. बाकीचं ताटातून कमी करावं लागतं. हे ऐकून काहीजणी नाराज होतात, पण वजन उतरवायला मनानेच जादा गोळी घेतली तर धडधड वाढते आणि हाडं झिजतात.

ताटातली आमची पहिली नजर खोबऱ्यावर जाते. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण साडेतीनशे कॅलरी असतात, आणि आपल्याकडे आमटी, भाजी, कालवण, सगळ्यांत वाटण असतंच. बंद करू नका, मोजून घाला. या ताईंचा भात आम्ही दोन वाट्यांवरून एकीवर आणला, वाटण निम्मं केलं, आणि दुपारी बांगडा, रात्री कुळथाची पिठी किंवा अंडी ठेवली. मासे थायरॉईडला वाईट नाहीत, शिजवलेला कोबीही बंद करायची गरज नाही. मीठ मात्र आयोडीनयुक्तच वापरा. खडेमीठ, सैंधव "चांगलं" म्हणून बदलू नका.

पीसीओएस असेल तर पुष्कळजणींत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. डॉक्टरांशी साखरेची तपासणी आणि मेटफॉर्मिन याबद्दल बोला. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी12 चंही विचारा. पीसीओएससाठी अमुकच आहार सर्वांत चांगला असं 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही म्हणत नाहीत. म्हणूनच आमच्याकडे "पीसीओएस पावडर" मिळत नाही, विचारू नका. 74 किलोच्या बाईचं पाच टक्के, म्हणजे पावणेचार किलो जरी उतरलं, तरी पाळी नियमित व्हायला मदत होते. दिवस जायची शक्यताही वाढते, म्हणून मूल हवं की नको, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

केसगळतीच्या गोळ्या घेत असाल तर त्यात बायोटिन आहे का पाहा. त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. तपासणीआधी किमान दोन दिवस ती थांबवण्याबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

रिपोर्टशिवाय आम्ही आहाराचा तक्ता देत नाही, त्यावरून बोलणी खातो. पण चुकीच्या वेळेच्या गोळीवर तक्ता बांधला तर दोन महिन्यांनी पुन्हा लिहावा लागतो, आणि फी तुम्हालाच पुन्हा पडते. पहिल्या भेटीत गोळ्यांचा क्रम विनामूल्य पाहून देतो. येताना शेवटचे दोन रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या. "ती गुलाबी, छोटी" एवढ्यावरून ओळखता येत नाही.