स्क्रीनशॉटमध्ये सगळं ठीक, हातात मात्र गडबड

सांगलीच्या एका काकूंची तक्रार आमच्याकडे तीनदा आली: "मी 'पुढे जा' दाबते आणि बुकिंग रद्द होतं." प्रत्येक वेळी सोबत स्क्रीनशॉट, आणि त्यात एकच ओळ: 'तुमचं बुकिंग रद्द झालं आहे.' आमच्या बाजूने बघितलं तर नोंदही तीच, वापरणाऱ्याने 'रद्द करा' दाबलं. मीसुद्धा मनातल्या मनात म्हटलं, काकूंचं बोट चुकतंय.

स्क्रीनशॉट खोटं बोलत नव्हता. पण त्यात दिसतं ते एका क्षणाचं चित्र, आणि तो क्षण आपण निवडलेला असतो. म्हणजे गडबड लक्षात आल्यावर दोन बटणं दाबेपर्यंत जे स्क्रीनवर उरलं असेल ते. एरर मेसेज, चुकलेली रक्कम, कापली गेलेली अक्षरं अशा जागच्या जागी बसून राहणाऱ्या चुकांना तो पुरतो. उलट तोच बरा, कारण त्यातला मजकूर नीट वाचता येतो आणि फाईलही हलकी. पण चूक दोन चित्रांच्या मधे घडत असेल, तर आधीचा स्क्रीनशॉटही बरोबर आणि नंतरचाही बरोबर.

चौथ्या वेळी काकूंच्या मुलाला फोन करून स्क्रीन रेकॉर्डिंगची क्लिप मागितली. अँड्रॉइड ११ पासून रेकॉर्डर फोनमध्येच येतो. वरून पडदा दोनदा खाली ओढला की स्क्रीन रेकॉर्डचं बटण दिसतं (नसलं तर पेन्सिलच्या खुणेवर जाऊन ते वर आणायचं). सुरू करण्याआधी स्क्रीनवरचे स्पर्श दाखवण्याचा पर्याय चालू करायला सांगितलं. बोट जिथे टेकेल तिथे ठिपका उमटतो. हा ठिपका नसेल तर क्लिपमध्ये बटणं आपोआप दाबली गेल्यासारखी दिसतात आणि निम्मा पुरावा जातो.

बारा सेकंदांची क्लिप आली. नेहमीच्या वेगात बघून मला काहीच कळलं नाही. मग कंप्युटरवर VLC मध्ये उघडली आणि E दाबत एकेक फ्रेम पुढे सरकवली. पान उघडतं, 'रद्द करा' वर आणि 'पुढे जा' त्याच्या खाली. अकराव्या फ्रेमला माथ्यावर ऑफरची पट्टी टपकते आणि सगळं पान एका बटणाच्या उंचीएवढं खाली ढकललं जातं. तेराव्या फ्रेमला ठिपका उमटतो, जिथे 'पुढे जा' होतं बरोबर तिथेच. पण आता तिथे 'रद्द करा' आलेलं.

रेकॉर्डिंग सेकंदाला ३० फ्रेमचं होतं, म्हणजे दोन फ्रेम साधारण ०.०७ सेकंद. डोळ्यांनी काही बघून बोट आवरायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. काकूंचं बोट निघालं तेव्हा बटण जागेवर होतं. आमच्या ऑफिसच्या वाय-फायवर पट्टी पानासोबतच यायची, म्हणून आम्हाला ते कधी दिसलंच नाही. दुरुस्ती अगदी छोटी निघाली: पट्टीची जागा आधीपासून रिकामी राखून ठेवायची.

पण क्लिपलाही सगळं दिसत नाही. सेकंदाला ३० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमधून ६० हर्ट्झच्या स्क्रीनवरची एकाच फ्रेमपुरती लुकलुक निसटू शकते. जुन्या फोनवर रेकॉर्डिंगचाच भार पडून स्क्रोल अडखळतो, आणि तो दोष ॲपच्या माथी बसतो. म्हणून रेकॉर्डिंग बंद ठेवूनही एकदा तीच कृती करून बघावी. बँकेच्या बऱ्याच ॲपांत नुसता काळा पडदा रेकॉर्ड होतो, ते मुद्दाम केलेलं असतं. शिवाय क्लिप चालू असताना आलेला ओटीपीही तिच्यात जाऊ शकतो, तेव्हा आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावून त्यात सूचना दिसणंही बंद केलेलं बरं.

आणखी एक फरक मला उशिरा कळला. रेकॉर्डर पॅनलवरचा प्रकाश टिपत नाही, पॅनलकडे पाठवायला तयार झालेलं चित्र टिपतो. त्यामुळे स्क्रीनच लुकलुकत असेल किंवा तिच्यावर हिरवी रेघ आली असेल, तर क्लिप स्वच्छ येते. मग दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने शूट करायचं. कॅमेऱ्यात दिसतंय आणि क्लिपमध्ये नाही, तर दोष बहुधा पॅनलचा किंवा त्याच्या जोडणीचा.

काकूंच्या मुलाने पहिल्यांदा क्लिप व्हॉट्सॲपवर साधी पाठवली होती. ती इतकी दाबली गेली की ठिपका धुक्यात हरवला. 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा पाठवली तेव्हा तेरावी फ्रेम दिसली.