इथरकॅट: जोडणीची रचना आणि वितरित घड्याळे

इथरकॅट हे यंत्रांच्या नियंत्रणासाठीचे इथरनेटवर चालणारे औद्योगिक जाळे आहे. जर्मनीतील बेकहॉफ कंपनीने ते 2003 मध्ये आणले. त्याच वर्षी त्याच्या प्रसारासाठी इथरकॅट टेक्नॉलॉजी ग्रुप ही संघटना स्थापन झाली, आणि पुढे त्याचा समावेश IEC 61158 या आंतरराष्ट्रीय मानकात झाला. केबल आणि फ्रेमचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याचा, साचा नेहमीच्या 100 मेगाबिट इथरनेटचाच असतो. फ्रेमवरचा 0x88A4 हा प्रकार-क्रमांक पाहून ती इथरकॅटची आहे हे ओळखता येते.

नेहमीच्या इथरनेटवर प्रत्येक उपकरणाला त्याचे वेगळे पाकीट पाठवावे लागते. इथरकॅटमध्ये मास्टर, म्हणजे नियंत्रण करणारा संगणक, एकच फ्रेम सोडतो आणि ती एकामागून एक सगळ्या उपकरणांतून जाते. या उपकरणांना स्लेव्ह म्हणण्याची पद्धत आहे. फ्रेम पूर्ण येईपर्यंत कोणताही स्लेव्ह थांबत नाही. बिट पुढे सरकत असतानाच त्यातील चिप आपल्या वाट्याचा आदेश उचलते आणि आपले उत्तर त्याच फ्रेममध्ये भरते. शेवटच्या स्लेव्हचे पुढचे पोर्ट मोकळे असते. ते आतून बंद होते आणि फ्रेम त्याच केबलमधल्या दुसऱ्या तारांच्या जोडीवरून परत फिरते. जोडणी पाहणाऱ्याला सरळ रांग दिसते, पण फ्रेमच्या दृष्टीने ते वर्तुळ असते. मध्येच फांदी काढली तरी हे बदलत नाही: फ्रेम आधी फांदीत जाऊन परत येते आणि मग मुख्य रांगेत पुढे जाते.

याने किती वेळ वाचतो हे 8 अक्षांच्या यंत्रावर पाहू. प्रत्येक अक्षाची मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हला 6 बाइटचा आदेश जातो आणि त्याच्याकडून 6 बाइटचे उत्तर येते, म्हणजे एकूण 96 बाइट. फ्रेमचे मथळे, वेळेचा छोटा तुकडा आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा धरून तारेवर साधारण 168 बाइट जातात. 100 मेगाबिटला त्यासाठी 13.4 मायक्रोसेकंद लागतात. प्रत्येक ड्राइव्हमधून जाण्यायेण्यात सुमारे 1 मायक्रोसेकंद धरला, तर 22 मायक्रोसेकंदांत सगळी देवाणघेवाण उरकते. हेच काम ये-जा मिळून 16 वेगळ्या फ्रेमनी केले, तर प्रत्येक फ्रेम किमान आकाराची असूनही नुसत्या तारेवर 107 मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ जातो.

तरीही बहुअक्षीय गतीसाठी इथरकॅट निवडण्याचे खरे कारण वेग नाही, घड्याळे आहेत. लेझर कटिंगचे डोके मिनिटाला 60 मीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला 1 मीटर चालले आहे असे समजा. या वेगाला 1 मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे 1 मायक्रोमीटरची चूक. एका अक्षाने आपला आदेश दुसऱ्यापेक्षा 50 मायक्रोसेकंद उशिरा अमलात आणला, तर कापलेली रेघ 0.05 मिलिमीटरपर्यंत सरकते आणि वर्तुळ किंचित लंबगोल होते. फ्रेम पोहोचताच हलायचे असे ड्राइव्हला सांगितले, तर मास्टर संगणकातला उशीर सरळ यंत्राच्या हालचालीत उतरतो, आणि तो उशीर दर फेरीला वेगळा असतो. इथरकॅटमध्ये म्हणून आदेशाचे पोहोचणे आणि त्याचे अमलात येणे ही दोन कामे वेगळी ठेवली आहेत. आदेश फ्रेमने आणायचा आणि आपल्या घड्याळाचा SYNC0 हा संकेत मिळाला की तो लागू करायचा.

त्यासाठी सगळी घड्याळे जुळलेली हवीत. साधारणपणे वितरित घड्याळाची, म्हणजे इतरांशी जुळवता येणाऱ्या स्वतःच्या घड्याळाची, सोय असलेला रांगेतला पहिला स्लेव्ह संदर्भ घड्याळ ठरतो. सुरुवातीला मास्टर सर्वांना उद्देशून एक फ्रेम पाठवतो. ती जाताना आणि परतताना प्रत्येक पोर्टवर येण्याची वेळ प्रत्येक स्लेव्ह आपल्या घड्याळाने टिपतो. अ, ब आणि क असे तीन ड्राइव्ह रांगेत आहेत असे धरू. अ ने फ्रेम जाण्या-परतण्यात 2560 नॅनोसेकंदांचे अंतर मोजले, ब ने 1240, आणि क शेवटचा असल्याने त्याच्याकडे परतीची नोंद नाही. दोन अंतरांतला फरक 1320, त्याचा निम्मा 660. म्हणजे अ पासून ब 660 नॅनोसेकंद लांब आहे. 1240 चा निम्मा 620, म्हणून क हा अ पासून 1280 नॅनोसेकंद लांब आहे. प्रत्यक्षात मास्टर चिपच्या आतल्या प्रक्रियेचा छोटा फरकही जमेस धरतो. फ्रेम त्याच वाटेने परतते म्हणूनच हे गणित जमते. जोडणीची रचना आणि घड्याळे ही वेगवेगळी प्रकरणे नाहीत ती याचमुळे.

एकदा जुळवून भागत नाही, कारण दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे चालत नाहीत. दहा लाखांत 20 इतका फरक असला तरी घड्याळे दर सेकंदाला 20 मायक्रोसेकंद आणि तासाभरात 72 मिलिसेकंद फाकतात. म्हणून दर फेरीच्या फ्रेममध्ये संदर्भ घड्याळाची वेळ वाचून ती पुढच्या सगळ्यांना देणारा तुकडा असतो. प्रत्येक स्लेव्ह त्या वेळेत आपले अंतर मिळवतो आणि आपले घड्याळ हळूहळू मागेपुढे सारतो. उरलेली चूक 0x092C या नोंदीत वाचता येते. नीट बसलेल्या यंत्रात ती काही दशक नॅनोसेकंदांची असते, म्हणजे वरच्या उदाहरणात मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी.

जुळवणीत सर्वांत जास्त विसरले जाते ते मास्टरचे स्वतःचे घड्याळ. सगळे ड्राइव्ह एकमेकांशी जुळलेले असतात, पण मास्टर आपल्याच तालावर फ्रेम सोडत राहतो. फेरी 250 मायक्रोसेकंदांची आणि तफावत सेकंदाला 20 मायक्रोसेकंदांची असेल, तर फ्रेम SYNC0 च्या तुलनेत सरकत सरकत दर साडेबारा सेकंदांनी त्याला ओलांडते. त्या क्षणी ड्राइव्हला एकतर जुनेच लक्ष्य पुन्हा मिळते किंवा एक लक्ष्य गळते. 1 मीटर प्रति सेकंद वेगाला ही 0.25 मिलिमीटरची पायरी असते. अक्ष ठक्कन आवाज करतो आणि नेमक्या तेवढ्याच अंतराने पुन्हा करतो. असा नियमित ठोका ऐकू आला की मोटरच्या ट्यूनिंगला हात लावण्याआधी घड्याळ तपासावे. फ्रेम अधूनमधून, अनियमितपणे उशिरा येत असेल, तर दोष बहुधा मास्टरच्या रिअल-टाइम कामात असतो. तेव्हा ड्राइव्ह 0x001A किंवा 0x002C हा त्रुटी-क्रमांक दाखवून थांबू शकतो.

केबलचे दोष वर्किंग काउंटरवर उमटतात. वाचन आणि लेखन दोन्ही करणाऱ्या आदेशात प्रत्येक ड्राइव्ह या आकड्यात 3 मिळवतो. 8 ड्राइव्हना 24 अपेक्षित असताना 15 आले, तर पाचव्यापुढची केबल पाहावी. आत येणारी आणि बाहेर जाणारी केबल अदलाबदल झाली, तर तो ड्राइव्ह फ्रेमवर जाताना नव्हे, परतताना काम करतो. यंत्र वरवर चालते, पण उपकरणांचा क्रम आणि अंतराचे गणित दोन्ही चुकतात. रांगेच्या मध्ये साधा ऑफिसातला स्विच बसवला, तर त्यातला थांबा दर वेळी वेगळा असल्याने जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा राहत नाही. फांदी हवी असेल तिथे इथरकॅटचाच जोड वापरावा लागतो.

शेवटच्या ड्राइव्हपासून मास्टरच्या दुसऱ्या पोर्टपर्यंत केबल परत आणली, तर एक केबल तुटूनही आदेश सगळ्यांपर्यंत पोहोचतात. मात्र तुटलेल्या जागेपलीकडच्या भागात फ्रेम उलट्या बाजूने शिरते आणि ती संदर्भ घड्याळातून आलेली नसते. मास्टरमध्ये यासाठी खास सोय नसेल, तर तिकडचे ड्राइव्ह आदेश घेत राहतात, पण त्यांची घड्याळे दर सेकंदाला थोडी थोडी वेगळी होत जातात.